बावीस फुटांची लॉबी आणि साडेसात इंचांचा थर

वेंगुर्ल्याच्या बाजूला डोंगरउतारावर एका छोट्या हॉटेलचं काम चालू आहे. त्याच्या लॉबीचं रेंडर, म्हणजे संगणकावर बनवायचं हुबेहूब चित्र, करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जोता पूर्ण झाला होता आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. नकाशात लॉबी ३० फूट रुंद, ४० फूट खोल आणि २२ फूट उंच. दक्षिणेकडून पोर्चमधून आत शिरायचं. समोर उत्तरेच्या भिंतीपाशी १४ फुटांचा रिसेप्शन डेस्क, त्यामागे छतापर्यंत गेलेली जांभ्याची उघडी भिंत. डावीकडची बाजू समुद्राच्या दिशेने खांबांवर मोकळी सोडलेली. उजवीकडे ११ फुटांवर पहिल्या मजल्याचा सज्जा, वर लाकडी तक्तपोशी. चित्र संध्याकाळचं हवं होतं, सूर्य नुकताच बुडालेला आणि दिवे लागलेले असं.

आर्किटेक्ट मॅडमनी पहिलं चित्र पाहून एवढंच विचारलं, "उंची कुठे गेली? हा एखाद्या बंगल्याचा मोठा दिवाणखाना वाटतोय." मी मॉडेल उघडून पुन्हा मापलं. २२ फूट म्हणजे २२ फूटच होते. मग मला वाटलं, दोष लेन्सचा असणार. २४ मिलिमीटरची लेन्स काढून १६ची लावली, म्हणजे वरचं छत भरपूर दिसेल. छतातल्या २४ डाउनलाइटांचा जोरही वाढवला. हे दुसरं चित्र मालकांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उंची आली, पण एसटी स्टँडासारखं भकास वाटतंय. इथे माणूस थांबेल असं वाटत नाही."

मॉडेल तेच होतं आणि त्यातलं एकही माप चुकलेलं नव्हतं. तरी एका चित्रात जागा अकरा फुटांची दिसत होती आणि दुसऱ्यात चाळीस फुटांची. मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. डोळ्याला फूट दिसत नाहीत. ज्यांचं माप त्याला आधीपासून ठाऊक आहे अशा वस्तू त्याला दिसतात, आणि तो बाकीचं सगळं त्यांच्यावरून मोजतो. माझ्या दोन्ही चित्रांत त्या ओळखीच्या वस्तू एकतर चुकीच्या होत्या किंवा अंधारात होत्या.

पहिली चूक सापडली ती साइटवर. मी मोबाइलवर चित्र उघडून मॅडमना काही दाखवत होते. भिंत बांधणारे मेस्त्री मागून डोकावले आणि म्हणाले, "एवढो चिरो उचलतलो कोण?" मला आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्या फोनवरचा एक चिरा बोटाने झाकला, मग शेजारच्या ताज्या भिंतीतल्या चिऱ्यावर हात ठेवला. तिथेच टेप लावला. चिरा साडेतेरा इंच लांब, आणि दर्जासकट, म्हणजे सांध्यासकट, एक थर साडेसात इंच. माझ्या चित्रात डेस्कच्या मागे डेस्कएवढ्या उंचीत पाच-सहा थर यायला हवे होते. तिथे जेमतेम तीन होते.

घडलं होतं ते असं. चिऱ्याच्या भिंतीचा जो फोटो टेक्स्चर म्हणून वापरला होता, त्यात आठ थर होते, म्हणजे तो खऱ्या भिंतीचा पाच फुटांचा तुकडा होता. पाच फुटांवर लावला की २२ फूट उंच आणि ३० फूट रुंद भिंतीवर तोच काळपट डाग पुन्हापुन्हा दिसायचा. ते टाळायला मी `UVW Map` मध्ये पाचाचे दहा फूट केले. डागांची पुनरावृत्ती कमी झाली आणि प्रत्येक चिरा दुप्पट झाला. २२ फुटांत साडेसात इंचांचे ३५ थर बसतात; माझ्या भिंतीत १७-१८ होते. चिऱ्याच्या घरात वाढलेला माणूस थर मोजत बसत नाही, पण १८ थरांची भिंत म्हणजे अकरा-सव्वाअकरा फूट हे त्याच्या डोळ्याला माहीत असतं. मॅडमना 'दिवाणखाना' दिसला तो यामुळे.

मेस्त्रींचा प्रश्न मला त्यानंतर अनेक दिवस पुरला. चिऱ्याचं माप खाणीत ठरतं, आणि ते एका माणसाला उचलून थरावर ठेवता येईल असंच असतं. आमच्या साइटवरचा एक चिरा पंचवीस-तीस किलोच्या आसपास भरेल. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली की वजन आठपट होतं, म्हणजे दोनशे किलोंच्या वर. असा चिरा गवंडी लावूच शकत नाही. म्हणजे उघड्या चिऱ्याच्या भिंतीवर माणसाच्या हाताचं माप आडव्या रेघांनी आखलेलंच असतं. काँक्रीटच्या किंवा गिलाव्याच्या भिंतीत ही सोय नसते. तिथे माप दुसरीकडून आणावं लागतं.

दुरुस्ती कंटाळवाणी होती, पण अवघड नव्हती. त्याच दिवशी साइटवर सावलीत असलेल्या भिंतीचे चार वेगळे तुकडे सरळ समोरून काढले आणि थरांच्या रेघा जुळवून त्यांचं दहा फूट बाय दहा फुटांचं, सोळा थरांचं एक टेक्स्चर बनवलं. आता दहा फुटांवर लावलं तरी थर साडेसात इंचांचाच राहतो. थर जमिनीपासून पूर्ण सुरू होतो ना, हेही पाहिलं. तळाशी अर्धा चिरा कापलेला दिसला की भिंत जमिनीत रुतल्यासारखी वाटते.

मग कॅमेरा. पहिल्या दोन्ही चित्रांत तो जमिनीपासून साडेतीन फुटांवर होता. खोल्यांचे फोटो काढताना ही उंची पुष्कळ जण वापरतात, कारण पलंग आणि सोफे त्यातून छान दिसतात. पण रिसेप्शनचा उभा काउंटर ४२ इंचांचा, म्हणजे बरोबर साडेतीन फुटांचा. कॅमेरा आणि काउंटर एका पातळीवर आले की काउंटरचा वरचा पृष्ठभाग दिसतच नाही, तो एका रेघेत मिटतो. माझा डेस्क भिंतीला चिकटवलेल्या फळीसारखा दिसत होता, आणि त्याच्यामागे कुणी उभं आहे यावर विश्वास बसत नव्हता.

कॅमेरा पाच फुटांवर नेला. ही उभ्या माणसाच्या नजरेच्या जवळची उंची आहे. तिचा एक मोठा फायदा आहे. एकाच जमिनीवर उभी असलेली सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, त्यांचे डोळे चित्रात जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. त्यामुळे बघणाऱ्याला आपणही त्यांच्यासोबत त्याच फरशीवर उभे आहोत असं वाटतं. काउंटरचा वरचा भाग आता दिसू लागला, पण किती? चार हजार पिक्सेल उंच चित्रात सात-आठ पिक्सेलची पट्टी. एवढीशी पट्टी दिव्याखाली उजळ असली तर पुरते, अंधारात असली तर नसल्यासारखीच. म्हणजे हा प्रश्न पुन्हा दिव्यांकडेच गेला.

१६ मिलिमीटरच्या लेन्समध्ये काय बिघडलं होतं तेही कागदावर मांडून पाहिलं. कॅमेरा पोर्चमध्ये, डेस्कपासून ३८ फुटांवर. आडव्या चौकटीत १६च्या लेन्सला तिथे ८५ फूट रुंदी दिसते, म्हणजे १४ फुटांचा डेस्क चित्राच्या सहाव्या हिश्श्यात आटतो. उरलेलं चित्र कडेच्या फरशीने, खांबांनी आणि छताने भरतं. शिवाय कडेला असलेली वेताची खुर्ची जवळपास दीडपट ताणली जाते आणि सोफ्यासारखी दिसते. मालकांना भकास वाटलं ते खरंच होतं. ज्या वस्तूंवरून माप घ्यायचं, त्यांतली एक बारीक झाली होती आणि दुसरी फुगली होती.

उंची दाखवायला रुंद लेन्स लागत नाही, उभी चौकट लागते. ४:५ची उभी चौकट घेतली, लेन्स २८ मिलिमीटर, सेन्सरची रुंदी २८.८. कॅमेरा वर वाकवला नाही. तो आडवाच ठेवून `Tilt & Shift` मधून उभा शिफ्ट दिला, म्हणजे खांब उभेच राहतात आणि क्षितिजरेषा चित्राच्या खालच्या एक-तृतीयांशावर येते. आता त्याच जागेवरून रुंदी ३९ फूट दिसते आणि डेस्क चित्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा घेतो. पोर्चचं प्रवेशद्वार दहा फूट उंच असल्यामुळे एकही भिंत कापावी लागली नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भिंतीआड कॅमेरा ठेवून भिंत अदृश्य करता येते, पण मग ते दृश्य तिथे आलेल्या पाहुण्याला कधीच दिसणार नसतं.

आता दिवे, ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

माझी मूळ चूक अशी, की दहा फुटी खोलीची सवय मी बावीस फुटी जागेत नेली. दहा फुटांच्या छतातला डाउनलाइट काउंटरपासून साडेसहा फुटांवर असतो. बावीस फुटांच्या छतातला साडेअठरा फुटांवर. अंतर वाढलं की प्रकाश त्याच्या वर्गाने घटतो, म्हणून तोच दिवा काउंटरवर आठवा हिस्सा प्रकाश देतो. मी जोर आठपट करून ती तूट भरून काढली. पण ३६ अंशांचा झोत तेवढ्या उंचीवरून काउंटरच्या पातळीला येईपर्यंत बारा फुटांचं वर्तुळ होतो. अशी २४ वर्तुळं एकमेकांत मिसळली की फरशी सगळीकडे सारखी उजळते, सावल्या मरतात आणि माणसांच्या कपाळाखाली काळोख येतो. प्रकाश भरपूर होता, पण माणसाच्या उंचीवर काहीच घडत नव्हतं. स्टँडावर उंच खांबावरच्या दिव्याखाली उभं राहिलं की असंच वाटतं.

कोकणातल्या जुन्या घराची मला इथे मदत झाली. छप्पर मधल्या आढ्यापाशी कितीही उंच असो, पडवीत ते इतकं खाली येतं की पागोळीला हात लागतो. उंच आणि ठेंगणं शेजारी शेजारी असतं, म्हणून उंची कळते आणि अंगावर येत नाही. लॉबीत छत खाली आणता येणार नव्हतं, पण दिव्यांची एक ओळ खाली आणता येत होती.

म्हणून २४ डाउनलाइटांपैकी सहा ठेवले, तेही १५ अंशांचे. साडेअठरा फूट खाली येऊन त्यांचं वर्तुळ पाच फुटांच्या आत राहतं. ते प्रवेशद्वारापासून डेस्कपर्यंतच्या वाटेवर लावले, म्हणजे फरशीवर उजेड-सावलीची पावलं पडतात आणि ४० फुटांची खोली मोजता येते. डेस्कवर तीन पितळी पेंडंट सोडले, लामणदिव्याच्या घाटाचे, तळ बरोबर सात फुटांवर. सात फूट का? डेस्कच्या बाजूला ऑफिसचं दार आहे आणि त्याची चौकट सात फुटांची आहे. दाराची उंची प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असते. दिव्यांचा तळ आणि दाराची वरची कड एका रेषेत आली की ती रेषा चित्रात अदृश्य छतासारखी काम करते. बसण्याच्या जागेत टेबलावरचे दिवे आले, आणखी खाली. तक्तपोशीवर सज्जाच्या कडेतून खालून वर जाणारा अगदी मंद उजेड टाकला. त्याचं काम एवढंच, की वर काळं भगदाड न दिसता लाकूड आहे हे कळावं.

आणि एक पट्टी डेस्कच्या मागे, चिऱ्याच्या भिंतीलगत जमिनीवर. तिचा उजेड भिंतीला घासून वर जातो, त्यामुळे प्रत्येक दर्जाखाली-वर बारीक सावली पडते आणि खालचे बारा-चौदा थर सुटे सुटे वाचता येतात. त्यावर भिंत हळूहळू काळोखात विरते. वरचे थर दिसत नाहीत, तरी डोळा खालच्या मापाने वर मोजत जातो. चिऱ्याचं टेक्स्चर दुरुस्त करून मी मापाची पट्टी खरी केली होती, पण ती वाचता आली ती या दिव्यामुळे.

सगळे दिवे वेगळे ठेवून `LightMix` मध्ये जमवायला बसले, तेव्हा पहिला मोह डेस्कचे पेंडंट दुप्पट करण्याचा झाला. चित्र लगेच छान झालं. पण प्रत्येक पेंडंट ४०० ल्युमेनचा धरला होता. साठ अंशांच्या झोतात त्याच्या थेट खाली काउंटरवर अंदाजे ४०० लक्स पडतात, नोंदवहीत लिहायला ते पुरेसे आहेत. दुप्पट म्हणजे ८०० लक्स, आणि तेही रिसेप्शनिस्टच्या नाकासमोर, रोज आठ तास. असं चित्र मालकांना आवडलं असतं आणि प्रत्यक्षातला डेस्क त्यांना फिका वाटला असता. म्हणून पेंडंटचा गुणक १ वर बांधून टाकला आणि बाकीचे खाली आणले: छतातले डाउनलाइट ०.५, तक्तपोशीवरचा उजेड ०.३. मग पूर्ण चित्राचं एक्स्पोजर वाढवलं. डोळ्याला हवं असतं ते दिव्यांमधलं प्रमाण, आणि ते खालून वर बसवलं की खोटं बोलावं लागत नाही. हे गुणक मी लिहून ठेवले, कारण ०.३ याचा अर्थ प्रत्यक्षात तिथे तेवढ्याच कमी ल्युमेनची पट्टी लागेल. रेंडर म्हणजे प्रकाशाचा हिशेब नव्हे, तो हिशेब इलेक्ट्रिकल सल्लागारच करतात. पण चित्राने त्यांना चुकीच्या दिशेला पाठवू नये.

रंगाचं गणित सोपं राहिलं. सगळे दिवे २७०० केल्विनचे, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४०००, त्यामुळे आत पिवळसर ऊब आणि डावीकडे खांबांपलीकडे निळं आकाश. आकाश मात्र फार गडद होऊ दिलं नाही. बाहेर पूर्ण काळोख झाला तर सुरूच्या झाडांची ओळ हरवते, आणि तीही एक पट्टीच आहे.

माणसं अगदी शेवटी ठेवली, फक्त तीन. डेस्कमागे पाच फूट चार इंचांची मुलगी: ४२ इंचांच्या काउंटरवर तिची २२ इंचच दिसायला हवीत. पहिल्यांदा ती कमरेपासून वर दिसत होती, कारण डेस्कमागच्या सहा इंचांच्या लाकडी पाटावर मी तिला उभी केली होती आणि तो पाट नकाशातून कधीच काढून टाकलेला होता. एक पाहुणा बॅग घेऊन वाटेवर, आणि एक बाई वर सज्जात रेलिंगला हात टेकून. सज्जातल्या बाईचं काम मोठं आहे. ११ फुटांवर एक आख्खं माणूस दिसलं की २२ फूट वेगळे सांगावे लागत नाहीत.

चित्र जमलं की नाही हे मी दोन प्रकारे पाहते. एक, ते कृष्णधवल करून अंगठ्याएवढं करायचं. त्यात डेस्कमागचं डोकं पहिल्या नजरेत सापडलं पाहिजे; आधीच्या दोन्ही चित्रांत नजर छतावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जात होती. दुसरं, तिन्ही माणसं लपवून रेंडर काढायचं आणि ज्याने नकाशा पाहिलेला नाही त्याला उंची विचारायची. मी मेस्त्रींना विचारलं नाही, त्यांना ती ठाऊकच होती. लाकूडकामाला आलेल्या सुतारांना विचारलं. त्यांनी दाराची चौकट बोटांत धरली, तीच बोटं भिंतीवर तीनदा ठेवली आणि म्हणाले, "वीस-एकवीस फूट असेल."

मालकांना तिसरं चित्र दाखवलं तेव्हा ते पेंडंटपाशी अडकले. सात फूट फारच खाली वाटत होते त्यांना, कुणाच्या डोक्याला लागतील अशी भीती. चित्रावर वाद घालण्यापेक्षा आम्ही साइटवर गेलो. दोन बांबूंवर दोरी ताणून तीन होल्डर सात फुटांवर टांगले, काउंटरच्या उंचीवर फळी टाकली आणि दिवेलागणीची वाट पाहिली. मालक फळीच्या अलीकडे उभे, मॅडम पलीकडे. डोक्याला काही लागत नव्हतं, पण एक गोष्ट कळली जी माझ्या चित्रात दिसत नव्हती: बसण्याच्या जागेतल्या स्टुलावरून खालून पाहिलं की उघडा बल्ब थेट डोळ्यांत येतो. उभ्या माणसाच्या नजरेतून काढलेल्या चित्रात ते कधीच दिसलं नसतं. पितळी वाटीची खोली साडेचार इंचांवरून सात इंच केली, बल्ब आत चढवला, तळ सात फुटांवरच राहिला. खाऱ्या हवेत पितळ चकचकीत राहत नाही, म्हणून मटेरियलही थोडं काळवंडलेलं केलं आणि चित्र पुन्हा रात्रभर रेंडरला लावलं.